न हलणारा अकरा

आमच्या घरात दोन पिढ्या कापसाचा व्यापार, आणि मी मात्र शहाद्यात केबली ओढत फिरतो. वडिलांना हे काम अजून धंद्यासारखं वाटत नाही, पण त्यांच्याकडून घेतलेली एक गोष्ट मी रोज वापरतो. लॅपटॉपवर वायफायच्या वेगाचा आठशे सहासष्टचा आकडा दिसतो, मग फाइल रांगत का येते, असं कोणी विचारलं की मी ठरलेलं उत्तर देतो. आठशे सहासष्ट हे भरलेल्या गाडीचं वजन, कापसाचं नव्हे. त्यातून गाडी वजा करा, मग माल कळेल.

हे उत्तर खरं आहे आणि मला ते द्यायला फार आवडतं. तो आकडा म्हणजे लॅपटॉप आणि वायफायचा डबा एकमेकांशी ज्या वेगाने बोलतात तो वेग. पण दोघांना एकाच वेळी बोलता येत नाही. एक बोलला की दुसरा थांबतो, प्रत्येक तुकड्याची पोच द्यावी लागते, मधे गप्प राहावं लागतं, घरातले मोबाइलही त्याच हवेत बोलत असतात. त्यात हा आकडा बिटांचा आणि फाइलचं मोजमाप बाइटचं, म्हणजे आधीच आठाने भागायचं. एवढं सांगून झालं की गिऱ्हाईक मान डोलावतं आणि मी पिशवी उचलतो.

त्या स्टुडिओतही मी हेच सांगितलं. खाली फोटो स्टुडिओ, वर घर. नवरा लग्नांचं शूटिंग करायचा आणि बायको वरच्या खोलीत बसून लॅपटॉपवर ते जोडायची, कापायची, रंग सुधारायची. तालुक्यातल्या निम्म्या नवरदेवांच्या मिरवणुका तिच्या हाताने सरळ झाल्या असतील. सगळं शूटिंग खालच्या स्टोरेजच्या डब्यात असायचं आणि ती वरून वायफायने ते उघडायची. खालून वरपर्यंत केबल मीच ओढली होती, तिच्या टोकाला वायफायचा डबाही वरच्या पॅसेजमध्ये मीच टांगला होता. नवीन कॅमेरे आले तसं चित्र अडखळू लागलं. एका कॅमेऱ्याचं कसंबसं चालायचं, दोन कॅमेरे शेजारी लावले की ठप्प.

मी गेलो की वहिनी काम सोडून चहाला उठायच्या आणि मी त्यांच्या नवऱ्याला समजावत बसायचो. आता आठवलं की लाज वाटते, कारण लॅपटॉपवर बसणाऱ्या त्या होत्या. फाइल सेकंदाला अकरा एमबीने येते असं त्याने सांगितलं. गणित मला तोंडपाठ होतं. आठशे सहासष्टला आठाने भागलं की एकशे आठ, त्यातले अर्धे जरी हातात आले तरी पन्नास. अकरा हे फारच कमी होतं. पण उत्तर तयार असलं की माणूस प्रश्न नीट ऐकत नाही. भिंती जाड आहेत, मोबाइल आहेत, शेजाऱ्यांचं वायफाय आहे, असं मी म्हणालो. आणि वर हेही ऐकवलं की या घरात याहून जास्त मिळणार नाही.

माझं ते वाक्य नवऱ्याने शब्दशः घेतलं. आठवड्याभराने तो बाजारात भेटला आणि म्हणाला की पुढचं सगळं एडिटिंग सुरतेला द्यायचं ठरवलंय, तिथल्या स्टुडिओशी बोलणं झालंय. उद्या सकाळच्या गाडीने विसरवाडीमार्गे डिस्क घेऊन जातो. वहिनींचं काय, असं मी विचारलं. ती घर बघेल, तो म्हणाला. वाईट माणूस नव्हता तो. माझ्यावर विश्वास ठेवला होता, एवढंच.

त्याच दुपारी वहिनींचा फोन आला. या आधी त्यांनी मला कधी फोन केला नव्हता. जरा येऊन जा, म्हणाल्या.

गेलो तेव्हा सुरतेची पिशवी दारातच खुर्चीवर भरून ठेवलेली होती. या वेळी चहा नव्हता. वहिनींनी एका लग्नाच्या कार्यक्रमपत्रिकेची मागची बाजू माझ्यापुढे ठेवली. त्यावर त्यांनी आकडे लिहिले होते. पॅसेजमध्ये डब्याखाली बसून फाइल उतरवली, तेव्हा लॅपटॉपवर आठशे सहासष्ट, फाइल अकरा. स्वयंपाकघरात दोन भिंतींआड, लॅपटॉपवर तीनशे नव्वद, फाइल अकरा. सगळ्यांचे मोबाइल बंद करून, अकरा. लेकरं शाळेत असताना, अकरा.

मी माझं गाडीचं उत्तर पुन्हा सुरू केलं. वरचा आकडा आणि खालचा आकडा कधीच जुळत नाहीत, वहिनी, असं म्हणालो. त्यांनी मला बोलू दिलं. त्यांचं माहेर तापीकाठचं, ऊस पिकवणारं. साखर कारखान्याच्या काट्यावर बैलगाड्यांच्या रांगेत त्या लहानपणी वडिलांसोबत उभ्या राहिलेल्या.

"भाऊ, नहीच जुळावत, हाई मी मान्य करस," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण गाड्या बदल्यात तं वजन बदलस. आठे दर गाडीनं वजन एकच येस. मंग काटा अडकेल शे ना?" इथे प्रत्येक गाडीचं वजन एकच भरतंय, म्हणजे काटाच अडकलाय, असं त्यांचं म्हणणं.

त्यांचं बरोबर होतं. हवेतून येणारा वेग भिंत आली की पडतो, मोबाइल बंद केले की चढतो, एका जागी तो कधी उभा राहत नाही. अकरावर ठाम उभा राहतो तो तारेतून येणारा वेग, आणि तोही शंभर मेगाबिटच्या तारेतून. शंभरला आठाने भागा, थोडी घट काढा, अकरा येतात. माझं उत्तर चूक नव्हतं. या घराचं उत्तर ते नव्हतं.

मी खाली गेलो. सगळ्या केबली जिथे एकत्र येतात त्या स्विचवर वरच्या डब्याची बत्ती पिवळी होती. हजारचा वेग असता तर हिरवी असती. केबल ओढली तेव्हा अक्कलकुव्याची गाडी पकडायची म्हणून मी शिडीवर उभ्या उभ्याच टोकाला कनेक्टर बसवला होता. पॅसेजमध्ये शिडी लावली, तो कनेक्टर कापून उजेडात धरला. आठ तारांपैकी तपकिरी तार टोकापर्यंत पोचलीच नव्हती. शंभरला चार तारा पुरतात, हजारला आठही लागतात. म्हणून बंद काही पडलं नव्हतं, फक्त सगळं अकरावर अडकलं होतं. माझ्या हाताने.

नवीन कनेक्टर बसवला. या वेळी बसून बसवला. वहिनींनी फाइल उतरवायला घेतली. छप्पन्न. एकावन्न. साठ. परत त्रेपन्न. शेजारी आठशे सहासष्ट तसाच दिसत होता आणि जुळत नव्हता तो नव्हताच.

"आते हालस," वहिनी म्हणाल्या. आकडा आता खरंच हलत होता. मग दोन कॅमेरे शेजारी लावले. वरात न अडखळता चालली.

तेवढ्यात नवरा आला. त्याच्यासमोर मी सरळ सांगितलं की चूक भिंतींची नव्हती, माझी होती, आणि ती वहिनींनी पकडली. या घरात याहून जास्त मिळणार नाही हे वाक्य मी परत घेतो, असंही म्हणालो. त्याने पडद्यावरच्या आकड्याकडे बोट दाखवलं. आठशे सहासष्ट मग कधी येणार, असं त्याने विचारलं. मी तोंड उघडायच्या आत वहिनींनी त्याला समजावलं, मान न वळवता, माझ्यापेक्षा कमी शब्दांत.

तो दारापर्यंत गेला, पिशवीतून डिस्क काढली आणि त्यांच्या टेबलावर ठेवली. मग मला बसायला सांगून स्वयंपाकघरात गेला. त्या दिवशी चहा त्यानेच केला. वहिनी कामाला बसल्या होत्या.