अर्ध्या वाटाण्याचा धडा

फूटपट्टी बाईंच्या हातात फूटपट्टी कधी कुणी पाहिली नव्हती. नाव पडलं होतं ते स्वभावावरून. एकतीस वर्षं त्यांनी तिसरीचा वर्ग सांभाळला, पण कुणाचा अर्धा गुण वाढवला नाही की कापला नाही. हेडसरांच्या पुतण्याला त्यांनी नापास केलं आणि त्याच दुपारी हेडसरांसमोर बसून निवांत चहाही घेतला. मुलं त्यांना टरकून असायची. पण बाई म्हणाल्या म्हणजे ते तसंच असणार, याबद्दल कुणाच्या मनात शंका नसायची. घरी ना नवरा, ना मूलबाळ. एवढी एकच कमाई बाईंनी केली होती, आणि तिचा त्यांना मनातून फार अभिमान होता.

निवृत्तीला चार महिने राहिले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की आपण बियाचं चित्र एकतीस वेळा फळ्यावर काढलं, पण मुलांच्या हातात बी एकदाही दिलं नाही. मग त्यांनी नवं पाठ टाचण लिहायला घेतलं. उद्दिष्ट, साहित्य, कृती, अनुमान, मूल्यमापन, सगळे रकाने सुवाच्य अक्षरात. ‘शाळेच्या मागे शेत’ असं त्याला नाव दिलं. शेत कसलं, पाण्याच्या टाकीमागची दोन खाटांएवढी जागा! शिपाईमामांनी कुदळ मारली तर आधी विटांचे तुकडे निघाले, मग एक तुटकी कपबशी.

पहिल्या आठवड्यात माती. मुलांनी काचेच्या बरणीत मूठभर माती आणि पाणी घालून खळखळून हलवलं आणि बरणी खिडकीत ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी तळाला खडे आणि वाळू, त्यावर बारीक गाळ, त्यावर चिकणमातीचा पातळ थर, आणि वर तरंगणारा काडीकचरा.

“वाळूच जास्त आहे, बाई,” पहिल्या बाकावरची ठिपकी म्हणाली. नाकावर तीळ म्हणून ती ठिपकी. “मग पाणी थांबणारच नाही ना?”

बाईंनी या प्रश्नासाठी टाचणात दोन तास ठेवले होते. पोरीने तो दोन मिनिटांत निकालात काढला. वाफ्यात कुजलेला पाला मिसळायचं ठरलं, तेही तिनेच सुचवलं.

पुढच्या आठवड्यात पेरणी. प्रत्येकाने घरून एक सुका वाटाणा रात्रभर भिजवून आणायचा होता. तेहतीस मुलं फुगलेले वाटाणे मुठीत धरून आली. ठिपकीने मूठ उघडली तर आत वाटाण्याची डाळ. एक पिवळी, सोललेली, अर्धी फाक.

“आमच्याकडे हेच होतं,” ती म्हणाली.

वर्ग खदाखदा हसला. बाईंना खरं तर आनंद झाला. टाचणात त्यांनी लिहूनच ठेवलं होतं, ‘डाळ का उगवत नाही?’ डाळ करताना साल जाते, दाणा फुटतो, दोन फाकांच्या मधला इवलासा अंकुर निखळतो. उरतं ते नुसतं खाणं. हे समजवायला पोरीने आयता प्रयोग आणून दिला होता. सगळ्यांनी बोटाच्या एका पेराएवढं खोल पेरलं, शेजारी नावाची काडी रोवली, आणि वहीत अनुमान लिहिलं. तेहतीस जणांनी ठिपकीबद्दल लिहिलं, ‘उगवणार नाही.’ ठिपकीने लिहिलं, ‘उगवेल.’

“उगवेल ना, बाई?”

बाईंनी नाही म्हणायला हवं होतं. निदान कळेल दहा दिवसांनी, असं तरी. पण पोरगी अशी काही बघत होती, की बाई पुटपुटल्या, “बघू.”

शाळा सुटल्यावर त्या टाकीमागे गेल्या. उकिडव्या बसल्या, डाळ उकरून काढली आणि तिथे स्वतः वाटीत भिजवून आणलेला अख्खा वाटाणा लावला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी कुणाचा तरी गुण वाढवला. घरी जाताना त्यांना बरंही वाटलं, हे सांगायला हवं.

नवव्या दिवशी वाफा हिरवा झाला. ठिपकीच्या काडीजवळही कोंब. वाटाण्याचं बी मातीतच राहतं, वर नुसता कोंब येतो, त्यामुळे पाहणाऱ्याला काही कळायची सोय नव्हती. ठिपकी वाफ्याभोवती तीनदा गरगर फिरली. चौतीस वह्यांत लिहिलं गेलं, ‘वाटाण्याची डाळही उगवते.’ बाईंनी लाल पेन हातात घेतलं. बरोबरची खूण करवेना, फुली मारवेना. नुसती सही केली. उद्या सांगू, असं मनाशी म्हणाल्या. उद्याचं परवावर गेलं, आणि परवा काही उजाडला नाही.

तीन आठवड्यांनी ठिपकीची आई आली. लॉन्ड्रीत इस्त्री करायची. बोटांवर चटके होते. वर्गाच्या दारातच उभी राहिली.

“बाई, डब्यातली सगळी डाळ हिने घरामागे पुरली. ओळी करून. पाला घालून. मी म्हटलं, अगं डाळ कधी उगवते का? तर मलाच म्हणते, तुला काय माहीत, बाई खोटं बोलत नाहीत. मी एक ठेवून दिली, बाई. फार लागली तिला.” तिने पदराने नाक पुसलं. “डाळ सडली, मुंग्या लागल्या. आता म्हणते, माझंच काहीतरी चुकतंय. सकाळ-संध्याकाळ तिथे जाऊन बसते. तुम्ही सांगा तिला. तुमचंच ऐकते ती.”

बाईंनी ठिपकीला टाकीमागे नेलं आणि सगळं सांगितलं, काही न वगळता. पोरीने मान हलवली.

“आईने सांगितलं ना तुम्हाला असं म्हणायला?”

“नाही गं. मी खरंच बदललं होतं.”

“मला बरं वाटावं म्हणून म्हणताय.”

बाईंकडे पुरावा एकच होता. त्यांनी ठिपकीचं वीतभर वाढलेलं रोप हलक्या हाताने मुळासकट उचललं, माती झटकली. बुंध्याशी सालीत गुंडाळलेल्या, सुरकुतलेल्या दोन फाका एकमेकींना चिकटून होत्या. डाळीला एकच फाक असते, आणि साल तर नसतेच. हुशार पोरीला आणखी समजवावं लागलं नाही.

“मग आई बरोबर होती,” ती म्हणाली. “आणि सगळी मुलंही.”

“हो. चूक माझी आहे. तुझ्या हाताची नाही.”

बाईंनी रोप परत लावलं, पाणी घातलं. दोन दिवसांत त्याने मान टाकली. वर्गासमोर त्यांनी सगळं कबूल केलं, चौतीस वह्यांत स्वतःच्या हाताने फुली मारली. मुलं थोडी गोंधळली, मधल्या सुट्टीत विसरलीही. हेडसर तर हसलेच. “एवढं काय मनाला लावून घ्यायचं? वाफा छान आलाय की!” बाईंना मात्र त्यांचं हसणं ऐकून रडू कोसळेल असं वाटलं. त्या उठून बाहेर गेल्या.

टाचणातला शेवटचा तास होता बियाण्याचा: बी जपून ठेवायचं, ओल लागू द्यायची नाही, पुढच्या हंगामात पेरायचं. बाईंनी फळ्यावर लिहिलं, ‘शेंगा झाडावरच वाळल्या की बी तयार होतं.’ मुलं खाली मान घालून उतरवू लागली. ठिपकीने हात वर केला. उद्धटपणा तिच्यात कधीच नव्हता, आताही नव्हता. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं.

“बाई, हे खरं आहे का?”

“हो,” बाई म्हणाल्या.

ठिपकी शेजारच्या मुलाकडे वळली आणि त्याला हळूच विचारलं, “तुझे आजोबा शेती करतात ना? त्यांना विचारून सांगशील?”