सत्तर अक्षरांत धन्यवाद

वर्षाला कुणाला तोंडावर पैसे मागायला सांगा, ती हवापाण्याच्या गप्पा मारून परत येईल. आणि नोकरी कुठं, तर पतसंस्थेच्या कर्ज विभागात! सरावलीहून रोज स्कूटीवर डहाणू रोडला यायचं, दहाला संगणक चालू करायचा, आणि कुणी हप्ता भरायला आलं की आधी त्याला पाणी विचारायचं. मॅनेजर जतीनभाई म्हणायचे, "वर्षाबेन, आपण वसुली करतोय की पाहुणचार?" वर्षा हसायची आणि पुढच्याला पाणी विचारायची.

म्हणूनच २०१८ च्या मार्चमध्ये संस्थेनं घाऊक मेसेज पाठवायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद तिलाच झाला. तोंड उघडायला नको, फोन करायला नको, सगळ्या कर्जदारांना एका बटणात आठवण! मजकूर लिहायचं कामही तिनं हौसेनं मागून घेतलं. "सप्रेम नमस्कार"पासून सुरू केलं, मग नाव, हप्ता, तारीख, "कृपया वेळेत भरून सहकार्य करावे ही नम्र विनंती", आणि शेवटी "आपली विश्वासू". लग्नपत्रिका परवडली! पाठवा म्हटलं, बटण दाबलं, आणि चहा प्यायला गेली.

परत आली तर पॅक संपलेला. दोन हजार मेसेजचा पॅक, कर्जदार अठराशे, आणि मेसेज पोचले सहाशे सहासष्ट जणांना. मेसेज विकणाऱ्या कंपनीच्या पोराला फोन लावला तेव्हा त्यानं समजावलं, "मॅडम, इंग्रजीत एकशे साठ अक्षरं चालतात, मराठीत सत्तरच. आणि काना, मात्रा, पाय मोडलेलं अक्षर, मधली मोकळी जागा, सगळं मोजलं जातं. तुमची झाली एकशे अठ्ठावन्न. म्हणजे माणशी तीन मेसेज." वर्षानं कपाळावर हात मारला. शाळेत गुरुजींनीसुद्धा काना-मात्रेचा असा हिशेब ठेवला नव्हता.

एप्रिलमध्ये जतीनभाईंनी मजकूर स्वतःच्या हातात घेतला. एक मेसेज म्हणजे एकच मेसेज, विषय संपला. पहिल्या तारखेला सगळ्यांच्या फोनवर पडलं: "तुमचा हप्ता रु. २१५० थकीत. ५ तारखेपर्यंत भरा अन्यथा कारवाई." रक्कम ज्याची त्याची, बाकी सगळ्यांना तेच. एकोणसाठ अक्षरं! जतीनभाईंनी ती दोनदा मोजली आणि खूश होऊन ढोकळा मागवला.

ढोकळा संपायच्या आत पुतळीमावशी दारात उभी राहिली.

पुतळीमावशी म्हणजे मासळी बाजारातली पहिली जागा तिची. बर्फाच्या पेट्यांसाठी कर्ज काढलेलं, आणि दोन वर्षांत एक हप्ता चुकेल तर शपथ. शिवाय शेजारच्या अकरा जणींना ती जामीन. त्या अकरा जणींची खाती वर्षानं मावशीच्या ओट्यावर बसून उघडली होती, सुकटीचा वास नाकात भरून घेत.

"थकीत कोण गो?" मावशी म्हणाली. टोपली तिनं खाली ठेवली नव्हती. "आज तारीख एक. पाच उजाडायचीय. आणि मी थकीत?"

"मावशी, तो सगळ्यांनाच गेलाय, तुमच्या एकटीला..."

"मला वाचता येतं काय? माझा फोन शेजारच्या ओट्यावरची बायजी वाचते. सातवी शिकलेली आहे, आणि आवाज तर कसा, पाण्यातल्या होडीला ऐकू जाईल! भरल्या बाजारात वाचलंन तिनं. थकीत. कारवाई. गिऱ्हाईकं वळून बघायला लागली. ज्यांना मी जामीन, त्या पोरी माझ्या तोंडाकडं बघत होत्या." "पुढल्या महिन्यात परत असं वाचलं गेलं, तर बाराच्या बारा खाती फेडून बंद. मग तूही ओट्यावर येऊ नको."

ती गेली. वर्षाच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिनं ढोकळ्याच्या मिरचीवर ढकललं. खरं सांगायचं तर तिला लाज वाटली होती. बटण दाबताना तिच्या मनात एकच चित्र होतं: प्रत्येकाच्या हातात आपापला फोन, आपापल्या डोळ्यांनी वाचणारा माणूस. बाजारात मेसेज वाचत नाहीत, ऐकतात, हे ओट्यावर बसून आलेल्या बाईला कळू नये?

"जतीनभाई, पुढचा मी लिहिते."

"लिहा. पण सत्तरच्या वर एक टिंब नाही. नाही तर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहा, एकशे साठ मिळतात."

"बायजीला इंग्रजी अक्षरं येत नाहीत."

"मग करा काटकसर," जतीनभाई म्हणाले. त्यांनाही वाईट वाटलं होतं, पण तसं म्हणायची सवय नव्हती.

महिनाभर वर्षा अक्षरं मोजत फिरली. भाकरी थापताना मोजायची, चारोटीला बहिणीकडं जाताना मोजायची. "कृपया" घातलं तर तारीख बाहेर. "श्रीमती" आणि नाव घातलं तर लहान नावाला बसायचं, लांब नाव आलं की सत्तरच्या पुढं, आणि दोन मेसेजचे पैसे. "भरला असल्यास दुर्लक्ष करावे" तर निम्मी जागा खायचं. आणि दुर्लक्ष करा, हे काय सांगणं झालं? वेळेवर पैसे भरणाऱ्याला आम्ही म्हणतो, आमच्याकडं बघू नका!

तिथंच तिचा हात थांबला. मग तिनं भराभर काढून टाकायला घेतलं. नाव काढलं, मोठ्यानं वाचायचं तर नाव कशाला? रक्कम काढली, दुसऱ्याचा हप्ता किती हे अख्ख्या बाजारानं का ऐकावं? पासबुकात असतेच की. "थकीत" गेलं, "कारवाई" गेली. उरलेलं तिनं स्वतःच्या फोनवर पाठवून बघितलं:

"नमस्कार. आपल्या हप्त्याची तारीख ५ मे आहे. भरला असल्यास धन्यवाद. -सागर"

सागर हे संस्थेचं नाव. एकोणसत्तर अक्षरं, एक शिल्लक. जतीनभाईंनी तीनदा मोजलं, मग चष्मा काढून म्हणाले, "आपण काही मागितलंच नाही की यात."

"तारीख सांगितली की. माणसं शहाणी आहेत."

"आणि नाही भरलं तर?"

"तर मी जाईन तोंडावर मागायला," वर्षा म्हणाली, आणि तिचं तिलाच नवल वाटलं.

मेसेज तीस एप्रिलला सकाळी दहाला सुटेल असं लावून ठेवलं, आणि त्या दिवशी वर्षा साडेनऊलाच मासळी बाजारात जाऊन उभी राहिली. मावशीनं तिला बघितलं आणि बोंबलांच्या वाट्याकडं मान फिरवली. दहाला दोन मिनिटं असताना तिनं देवाला नारळसुद्धा बोलून टाकला.

आधी कोपऱ्यातला एक फोन वाजला. मग चार, मग सगळ्या ओळीत टुंग टुंग. मावशीनं ओला हात पदराला पुसला, फोन काढला आणि बायजीकडं दिला.

बायजीनं वाचलं. आवाज तोच, होडीला ऐकू जाणारा. "नमस्कार. आपल्या हप्त्याची तारीख पाच मे आहे. भरला असल्यास धन्यवाद. सागर."

"इतकंच?" कुणीतरी म्हणालं.

मे महिन्याचा हप्ता मावशीनं दोन दिवसांपूर्वीच भरला होता, आणि जिच्या हातात भरला ती समोर उभी होती. तिनं एकदा वर्षाकडं बघितलं, मग त्या अकरा जणींकडं, मग मघाशी भाव करत थांबलेल्या गिऱ्हाइकाकडं.

"बायजे," ती म्हणाली, "शेवटचं परत वाच. मोठ्यानं."