दोन थरांची गोळी

घड्याळवाल्यांनी जन्मात कुणाला काही विचारलं नाही. बारीकशा दुकानात, डोळ्याला भिंग लावून, लोकांची बंद पडलेली घड्याळं चालू करणारा हा माणूस. त्यांचं म्हणणं एकच, "उघडलं की कळतं." बायको म्हणायची, "अहो, कधीतरी तोंडही उघडत जा, विचारायला." पण छे! पालथ्या घड्यावर पाणी.

आता हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरांनी तपासलं. वयानं घड्याळवाल्यांच्या मुलीएवढी बाई. बीपीची गोळी हातात घेऊन तिनं नीट समजावलं, "काका, या एका गोळीत दोन औषधं आहेत. एक हृदयाचे ठोके आवरतं, ते अचानक बंद केलं तर ठोके उधळतात, म्हणून ते उद्या सकाळीही घ्यायचं. दुसरं रक्तवाहिन्या सैल ठेवतं. भुलीनंही त्या सैल होतात. दोन्ही एकत्र आली तर बीपी धाडकन खाली येतं, म्हणून ते आज रात्रीपासून बंद. मी पहिल्या औषधाची वेगळी गोळी लिहून देते, तेवढीच घ्या."

ती गोळी कोपऱ्यावरच्या दुकानात संपलेली होती. "दुसऱ्या दुकानात बघा, नाहीतर डॉक्टरांना फोन करा," बायको म्हणाली. घड्याळवाले हसले. जुन्या गोळीला दोन थर होते, एक पांढरा, एक गुलाबी. म्हणजे दोन औषधं! सकाळी त्यांनी भिंग लावलं, पातं घेतलं आणि थर असे काही सुटे केले की बघत राहावं. रंगीत ते जालीम असणार, असं ठरवून गुलाबी भाग कागदात बांधला आणि पांढरा घोटभर पाण्याबरोबर गिळला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

ऑपरेशनआधी डॉक्टरांनी विचारलं, "सकाळची गोळी घेतली?" यांनी ऐटीत कागदाची पुडी पुढे केली, "घेतली, नको ते औषध कापून काढून!" डॉक्टरांनी पुडी उघडली आणि कपाळाला हात लावला. "काका, जे घ्यायचं होतं ते या पुडीत आहे. आणि जे घ्यायचं नव्हतं, ते तुमच्या पोटात!"

बायको मटकन बाकावर बसली. घड्याळवाल्यांचा चेहरा पडला. मशीनवर ठोके तर आधीच धावत होते.

डॉक्टर मात्र आरडाओरडा न करता सर्जनशी बोलल्या. मग म्हणाल्या, "ऑपरेशन पुढे ढकलता येईल. पण एवढ्यासाठी ढकलायलाच हवं असंही नाही. ठोके आवरायचं औषध मी आता देते. ठोके शांत झाले तर करू, आणि बीपी पडेल असं धरूनच मी तयार राहीन." नर्सनं साधी, लवकर काम करणारी गोळी आणून दिली. तासाभरानं ठोके ताळ्यावर आले.

भूल पाठीतून दिली, म्हणजे कमरेखाली बधिर आणि वर माणूस जागा. दंडावरचा पट्टा करकचून फुगला, सैल झाला. पडद्यावरचा बीपीचा आकडा घसरला. पुन्हा फुगला, आकडा आणखी खाली. पोटात ढवळून आलं, कानात गुणगुण सुरू झाली, दिवे विझत चालल्यासारखे वाटले. घड्याळवाल्यांना वाटलं, संपलं. बाहेर बाकावर ती बसलीय, आणि हे आपण आपल्या हातानं केलं.

"काका, इकडे बघा, माझ्याकडे. मळमळतंय ना? बीपी पडलंय, मी चढवतेय." डॉक्टरांनी सलाईन सोडलं आणि तयार ठेवलेल्या सिरिंजमधून थेंबभर औषध शिरेत ढकललं. मग पडद्याकडे पाहत थांबल्या. पुन्हा थेंबभर.

आणि देवा रे! दिवे परत आले. कान मोकळे झाले. आकडा एकेक पायरी चढत वर आला आणि जिथं हवा तिथंच थांबला. घड्याळवाले आ वासून बघत राहिले. आयुष्यभर त्यांनी घड्याळ आधी थांबवलं, मग दुरुस्त केलं. इथं ही पोर चालतं यंत्र, एक ठोकाही चुकू न देता, बोटांच्या चिमटीत सांभाळत होती. असली कारागिरी त्यांनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. त्यांचे डोळे भरून आले. डॉक्टरांनी ते कापसानं पुसलेसुद्धा.

ऑपरेशन पार पडलं. संध्याकाळी बीपी उलट चढलं, तेव्हा यांना धसकाच बसला. नर्सनं आधी दुखतंय का विचारलं, लघवी तुंबलीय का पाहिलं. दोन्ही होतं. त्यावर उपाय केल्यावर बीपी आपसूक उतरलं, वेगळी गोळी लागलीच नाही. जाताना डॉक्टर बजावून गेल्या, "ठोक्यांचं औषध चालूच राहील. दुसरं उद्या, जेवण-पाणी नीट सुरू झालं आणि बीपी स्थिर राहिलं की. पण मी तपासून सांगितल्यावरच. आणि मग विसरायचं नाही."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर तपासून गेल्या तेव्हा यांचा डोळा लागला होता. जाग आली तर समोर बायको, हातात पाण्याचा पेला आणि तळव्यावर ती गोळी, दोन थरांची, अख्खी. घड्याळवाल्यांनी ती उचलली. उजेडात धरली.

"अगं," ते हळूच म्हणाले, "डॉक्टरांना विचारलंस ना?"

ती पदर डोळ्यांना लावत म्हणाली, "विचारलं हो. घ्या."