सुतळीवरची वर्षं

तोरण बांधावं तसा मी एकदा इतिहास बांधला होता. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. माझं माहेर कंधारचं, बी.एड. ताजं ताजं, आणि मुलींच्या शाळेत नववीला इतिहास शिकवायला मिळाला म्हणून मान अशी ताठ, की फळ्याच्या खालच्या ओळीसाठीही वाकायची नाही.

दारापासून खिडकीपर्यंत सुतळी ताणली. कपड्यांच्या चिमट्यांनी पुठ्ठे लावले: सत्तेचाळीसचं स्वातंत्र्य, अठ्ठेचाळीसची निजामापासून आपली मुक्ती, साठचं महाराष्ट्र राज्य, बहात्तरचा दुष्काळ, ब्याऐंशीचा नवा जिल्हा. सगळे एकेका हाताच्या अंतरावर. क्रम बरोबर, रूप देखणं. आता प्रत्येकीनं आपल्या जन्माचं आणि शाळेत नाव घातल्याचं साल त्यात लावायचं होतं.

वर्गात एक मुलगी बाकीच्यांहून थोराड. पोरी तिला ‘आजीबाई’ म्हणत. दोनदा नापास झाली असणार, असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलेलं. ती पुठ्ठे घेऊन नुसती उभी राहिली.

“लाव की गं.”

“कुठं लावू बाई? सत्तेचाळीस ते अठ्ठेचाळीस एक हात, अन् साठ ते बहात्तरबी एकच हात? तेरा महिने अन् बारा वर्षं सारखीच व्हय?”

“आजीबाईला हिशोब लई येतो!” मागून एक चिरकली.

“सारखं दिसायला बरं दिसतं,” मी म्हणाले. खरंच म्हणाले. मग ते माझ्याच कानांना इतकं खुळचट लागलं, की मुकाट्यानं चिमटे काढायला लागले.

वर्षाला एक वीत ठरली. पण प्रत्येकीची वीत निराळी, म्हणून एकाच हाताची घ्यायची. हात तिचाच घेतला. तिनं खडूनं खुणा केल्या. स्वातंत्र्य आणि मुक्ती एकमेकांना खेटली, साठच्या पुढं सुतळी लांबवर मोकळी पडली.

बाकी पोरींचा जन्म अडुसष्टचा, शाळा चौऱ्याहत्तरची: मध्ये सहा विती. हिचा जन्म सहासष्टचा, शाळा तीच. आठ विती.

“जास्तीच्या जागेत काय झालं, ते सांगायचं,” मी म्हणाले.

तिनं दुष्काळाच्या पुठ्ठ्यावर बोट ठेवलं. “मला शाळेत घालायच्या सालीच हा आला. माय-बाप खडी फोडायला, धाकटा माझ्या कडेवर. कामावर खायला सुकडी मिळायची, ती गोड लागायची. फुडं पाऊस आला, पर धाकटा चांगला चालाय-बोलायला लागेस्तोवर आणखी एक साल गेलं. नापास म्या कधीच न्हाई झाले.”

“मंग आम्ही उगंच...” चिरकणारी अर्ध्यावरच थांबली. उठून आली आणि खाली लोंबणारं सुतळीचं टोक तिच्यासाठी धरून उभी राहिली.

शाळा सुटल्यावर ती माझ्यासोबत चिमटे गोळा करत होती. मी मोठ्या मायेनं विचारलं, “अगं, हे आधीच का नाही सांगितलंस?”

“तुम्ही इचारलं कुठं, बाई? तुम्हीबी मला नापासच धरलं व्हतं की.”