निवांत झोपा, ओटीपी माझ्याकडे आहे

तारीखकाकांचं खरं नाव फक्त पगारपत्रकात होतं. दोन खोल्यांच्या त्या ऑफिसात ते एकवीस वर्षं हिशेबनीस होते. करविवरण भरायची मुदत जवळ आली की फोन उचलायचे आणि एकेका ग्राहकाला बजावायचे, "वीस तारीख. लक्षात आहे ना?" तिथून नाव पडलं.

आता त्यांची स्वतःची तारीख ठरली होती. शुक्रवार. सोमवारपासून घराजवळच्या दवाखान्यात नोकरी, दहा ते पाच. बायकोने अट घातली होती, जेवताना ताटाशेजारी फोन दिसला तर ताट उचलून ठेवीन. एकवीस वर्षांतली तिची ही पहिली अट. काकांना ती मनापासून पाळायची होती.

मंगळवारी सकाळी त्यांनी ऑफिसच्या ग्रुपवर निरोप टाकला. "मंडळी, शुक्रवारी सुटतोय. कपाटाची किल्ली नेहमीच्या जागी. भांडू नका." तोच मजकूर जरा फिरवून बेकरीवाल्याला, शिंप्याला, गॅरेजवाल्याला. काम फत्ते.

साहेब केबिनमधून बाहेर आले.

"सुटतोय? मी काय तुरुंग चालवतो?"

"तसं नाही हो साहेब."

"आणि नेहमीची जागा म्हणजे कुठली?"

"खिडकीतल्या कुंडीखाली."

"मला कसं माहीत नाही?"

"तुम्ही कधी कपाट उघडलंत?"

मागच्या टेबलावरून कुणीतरी खोकलं. साहेबांनी फर्मान सोडलं. रीतसर पत्रं हवीत. एक ग्राहकांना, एक सहकाऱ्यांना. शिवाय दर ग्राहकामागे एक पान, काकांच्या जागी आलेल्या मुलीसाठी. काय झालंय, काय राहिलंय, कागद कुठे आहेत.

काकांना आकडे कितीही सांगा. वाक्य लिहायचं म्हटलं की तळहाताला घाम. ते बाहेरच्या टेबलाकडे गेले. तिथे ऑफिसची पत्रं लिहिणारी मुलगी बसायची. साहित्यात एम.ए. झालेली. तिने जन्मात कविता केली नव्हती, तरी ऑफिसने तिला कवयित्री करून टाकलं होतं.

"हा घे फोन," काका म्हणाले. "सगळं यात आहे. तू फक्त त्याला कोट घाल."

पहिला मसुदा दुपारी आला. "जड अंतःकरणाने आपणा सर्वांचा निरोप घेताना, आपल्या स्नेहाची शिदोरी घेऊन..."

"मी कशाने गेलो?" काकांनी विचारलं.

"काका!"

"नाही, लोक विचारतील. उद्या बेकरीवाला हार घेऊन येईल. जरा जिवंत माणसासारखं लिही."

तिने कागद फाडला, पण हसत. मग ती ग्राहकांच्या पानांना बसली. काकांच्या फोनमधल्या गप्पा वाचत एकेक गोष्ट उचलायची आणि सरळ भाषेत मांडायची. गॅरेजवाला बिलं पिशवीत कोंबून आणतो, हे तिने "बिले क्रमाने नसतात, एक दिवस जास्त धरावा" असं लिहिलं. काका खूश झाले. नवी मुलगी शेजारी खुर्ची ओढून बसली होती. तीही खूश.

बेकरीवाल्याच्या पानावर कवयित्री अडखळली. गप्पांमध्ये दर महिन्याला तेच होतं. "कोड आला, टाकला, विवरण भरलं. निवांत झोपा."

"काका, हा ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?"

"माझ्या. बेकरीवाला पहाटे भट्टीपाशी असतो, दुपारी झोपतो. म्हणून त्याच्या ऑनलाइन कर-खात्यावर माझाच नंबर टाकून ठेवला. सोयीचं पडतं."

तिने ते लिहून काढलं. मग तिने वाचून दाखवलं. "ग्राहकाच्या कर-खात्यावर आमच्या कर्मचाऱ्याचा वैयक्तिक मोबाइल नंबर नोंदवलेला आहे. त्यावर येणारा ओटीपी वापरून कर्मचारी ग्राहकाला न विचारता विवरण दाखल करतो."



काकांनी चष्मा काढला. "हे मी केलं?"

"तुम्हीच लिहिलंय."

"मी 'निवांत झोपा' लिहिलं होतं."

"अर्थ तोच होतो, काका."

तिचाच चेहरा उतरला होता. या माणसाने कुणाचा कागदाचा कपटाही कधी इकडेतिकडे केला नव्हता. तरी वाक्य खरं होतं. काकांनी बोटांवर मोजलं. बोटं पुरली नाहीत. एकतीस ग्राहकांपैकी सतरा जणांच्या खात्यावर त्यांचाच नंबर होता. त्यांना एकदम दिसलं, दवाखान्यात बसलोय, घरी जेवतोय, आणि सतरा जणांचे ओटीपी येतायत. शुक्रवार आला काय नि गेला काय, आपण सुटणारच नव्हतो.

"एवढंच ना?" नवी म्हणाली. "माझा नंबर टाका. तासाभराचं काम."

काकांचा जीव भांड्यात पडला. तासाभराचं काम! ते खुर्चीतून उठलेसुद्धा.

कवयित्रीने तेच वाक्य पुन्हा वाचलं. या वेळी "आमच्या कर्मचाऱ्याचा"च्या जागी तिने "नव्या हिशेबनीस मुलीचा" म्हटलं. फक्त तेवढंच बदललं.

नवीने कानाला हात लावला. "नको बाई."

काका परत बसले. "ज्याचं खातं, त्याचाच नंबर," ते म्हणाले. "लिही."

या सतरा जणांना पत्र बुधवारी गेलं. प्रत्येकाला वेगळं, कारण शिंप्याला बेकरीवाल्याचा पत्ता कळायचं कारण नव्हतं. पासवर्ड कुठल्याच पत्रात नव्हता.

"मी शुक्रवारी या कार्यालयातून निवृत्त होत नसून दुसरीकडे रुजू होत आहे. प्रकृती उत्तम आहे. सोमवारपासून आपलं काम माझी सहकारी पाहील. आपल्या कर-खात्यावर माझा नंबर आहे. तो मी टाकला, ती माझी चूक होती. कृपया शुक्रवारपर्यंत आपला नंबर नोंदवा. नंबर बदलताना जुन्या आणि नव्या, दोन्ही नंबरांवर ओटीपी येतील, म्हणून फोन करा, मी जागेवर आहे. यापुढे विवरण आधी स्वतः पाहावं, मगच ओटीपी द्यावा."

"प्रकृती उत्तम" हे काकांनी हट्टाने घालायला लावलं होतं.

मग फोनांचा सपाटा सुरू झाला. शिंपी म्हणाला, "काका, राहू द्या ना तुमच्याकडेच. माझा तुमच्यावर विश्वास आहे."

"आहे ना? मग मी सांगतो ते ऐक. काढ माझा नंबर."

"घटस्फोटासारखं वाटतंय हो."

"तुझा कोट अजून माझ्या अंगावर आहे. रडू नको, आकडा वाच."

गुरुवारी संध्याकाळी सोळा झाले. उरल्या पेनवाल्या आजी. वह्या-पेनांचं दुकान, वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी पत्राला उत्तर दिलं नव्हतं, फोनही उचलत नव्हत्या.

शुक्रवारी काका नवीला घेऊन दुकानात गेले.

"पत्र मिळालं का, आजी?"

"मिळालं. चारदा वाचलं. म्हणजे इतकी वर्षं माझी सही तू ठोकत होतास?"

काकांनी मान खाली घातली. "हो."

"न विचारता?"

"हो, आजी."

"आणि मी न बघता." आजींनी गल्ल्यामागून फोन काढला. "दोघांचे कान धरायला हवेत. चल, शिकव. ही पोरगी कोण?"

शिकायला पाऊण तास लागला. आजींनी दोनदा नंबर चुकवला आणि दोन्ही वेळा फोनला दोष दिला. शेवटी एक आकडा काकांच्या फोनवर आला, एक आजींच्या. काकांनी आपला वाचला. आजींनी आपला हाताने झाकून भरला. सतरा झाले.

पुढच्या महिन्यात, वीस तारखेला, दवाखान्यातल्या टेबलावर काकांचा फोन वाजला.

"आजी? काही अडलं का?"

"अडतंय काय! तुझ्या त्या पोरीने कागद दाखवले. मी एक बिल दोनदा धरलेलं पकडलं. ती तर चाटच पडली. दुरुस्त केलं, मग ओटीपी आला."

"वा! मग?"

"मग काय? तो तुला सांगणार नाही, एवढंच सांगायला फोन केला."