मास्तरीणबाईंचा मळखाऊ रंग

मास्तरांच्या घरात रंगच नव्हता असं कुणी म्हटलं तर मास्तरीणबाई अंगावर धावून येतील, म्हणून आधीच सांगून टाकतो: रंग होता, पण मळखाऊ होता. पडदे मळखाऊ, चादरी मळखाऊ, पायपुसणं तर इतकं मळखाऊ की ते शेवटचं कधी धुतलं हे त्यालाही आठवत नसेल. भिंतींना कोको सांडल्यासारखा रंग. बाईंचं म्हणणं असं, की पांढरं आणि फिकं ज्यांना दुसरा उद्योग नाही त्यांनी वापरावं.

आणि हे कुणाच्या घरात? तर चाळीस वर्षं रंगांत बुडालेल्या माणसाच्या! मास्तर म्हणजे शिंपी. पुढच्या खोलीत दुकान, मागे घर. कापडाला दोरा जुळवायचा म्हटला की रीळ घेऊन मास्तर उठायचे आणि पायरीवर उजेडात जायचे. ट्यूबच्या उजेडावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. गिऱ्हाईक म्हणायचं, "अहो मास्तर, चालतंय की!" मास्तर म्हणायचे, "तुम्हाला चालतंय, शर्टाला चालायला नको?" असा हा माणूस रात्री मागच्या खोलीत जाऊन तपकिरी चादरीवर, तपकिरी भिंतीकडे तोंड करून झोपायचा. चाळीस वर्षं. बायकोपुढे बोलायची त्यांची प्राज्ञा नव्हती, हेही सांगून टाकतो.

तर मागच्या झोपायच्या खोलीत कपाट करायचं ठरलं. खोली केवढी? नऊ बाय दहा. पलंग टाकला की उरलेल्या जागेत माणसानं आडवं चालावं. जुन्या लोखंडी कपाटाचं दार पलंगाला अडायचं, त्यामुळे आतली वस्तू काढायची तर पलंगावर उभं राहून, वाकून, अंदाजानं हात घालावा लागे. सुनेनं एकदा सासूबाईंना त्या अवस्थेत पाहिलं आणि मिस्त्रींना बोलावणं धाडलं.

मिस्त्री म्हणजे सुतार. मापाला पक्का, बोलायला त्याहून पक्का. त्यानं टेप ओढला आणि सांगितलं, "सात फुटांत चार दारं काढतो. पावणेदोन फुटांचं एकेक दार, म्हणजे पलंगाला लागणार नाही. आतून साधं पांढरं लॅमिनेट, बाहेरून तुम्ही सांगाल ते. फक्त चकचकीत घेऊ नका. खोली लहान, येता-जाता हात लागणार, बोटं उठणार. मॅट घ्या. आणि रंग फिका घ्या, नाहीतर खोली अंगावर येईल." एवढं बोलून त्यानं पिशवीतून नमुन्यांचे हातभर तुकडे काढले आणि पलंगावर मांडले.

झालं, सुरू झाली लढाई! सुनेला काळपट राखाडी हवा होता, मोबाइलवर सगळ्यांच्या घरी तोच होता. मास्तरीणबाईंना अर्थातच तपकिरी. मिस्त्री म्हणाला, "बाई, या खोलीत सात फूट तपकिरी लावलात तर मालगाडीच्या डब्यात झोपल्यासारखं वाटेल." बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो टेप गुंडाळायला लागला.

मास्तर कोपऱ्यात उभे. त्यांचा जीव एका तुकड्यात अडकला होता. फिका निळा. पहाटे दुकान उघडताना आभाळ असतं तसा, पांढऱ्याच्या जरासा अलीकडचा. त्यांना वाटलं, देवा, चाळीस वर्षं झाली, उरलेली वर्षं तरी सकाळी डोळे उघडल्यावर हे दिसू दे. पण बोलायचं कुणी? त्यांनी फक्त एक केलं. सवयीप्रमाणे सगळे तुकडे उचलून खिडकीशी नेले आणि उभे करून ठेवले. "दार उभं असतं, नमुना आडवा काय बघायचा," म्हणाले. निळा मधोमध ठेवला, एवढाच काय तो त्यांचा डाव.

मास्तरीणबाई आल्या. डोळे बारीक केले. एकेक तुकडा नाकाशी नेला. आणि निळा उचलून म्हणाल्या, "हा. हा चांगला मळखाऊ आहे."

सुनेनं मिस्त्रीकडे बघितलं, मिस्त्रीनं तुकड्याकडे. "बाई," तो म्हणाला, "हा तर..." आणि तेवढ्यात मास्तरांना खोकला आला. साधासुधा नाही, घशात सुई अडकल्यासारखा. सून पाणी आणायला पळाली, मिस्त्री पाठ थोपटायला लागला, आणि थोपटता थोपटता मास्तरांचे डोळे बघून काय समजायचं ते समजला. तुकडा उलटा करून त्यानं मागचा नुसता नंबर वहीत उतरवला. "मॅट. दोन शीट. बरं."

मास्तरांना वाटलं, हिला निळा आवडला आहे, पण कबूल करायला नको म्हणून मळखाऊचं पांघरूण घालते आहे. घालू दे बापडी! त्या रात्री ते इतके खुशीत होते की झोपेत हसले असं सून सांगते.

तीन दिवसांनी खुशी उतरली. हातशिलाई आणि काजं-बटणं बाईंकडे असत. मास्तर एका राखाडी पँटीला इस्त्री करत होते, आणि बघतात तर तळाची पट्टी निळ्या दोऱ्यानं घातलेली. लख्ख निळ्या! त्यांनी हाक मारली, "अगं, हा दोरा कुठला?" बाई रीळ घेऊन आल्या. "राखाडी. का? दिसत नाही का तुम्हाला?"

मास्तरांनी इस्त्री बाजूला ठेवली. न दिसणारं कोण होतं ते त्यांना आता कळलं. निवडला तो रंग तिनं निवडलाच नव्हता. काळजी वाटली त्यांना, आणि ती कपाटाची नव्हे, हे मात्र खरं. त्याच संध्याकाळी, सुईत दोरा ओवायला तुला त्रास होतो या निमित्तानं, ते बाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू, दोन्हीकडे, आणि चांगला पिकलाय. आधी उजवा करू, तीन आठवड्यांनंतरची तारीख. रंगाचं काही डॉक्टरांनी काढलं नाही आणि मास्तरांनीही विचारलं नाही.

घरी येताना त्यांच्या मनात नुसती मारामारी. खरं सांगावं तर निळा गेला, घरात मालगाडी आली. न सांगावं तर आंधळ्या बायकोला फसवलं असं होतं. सांगू, उद्या सांगू, करता करता शीटं आली. मिस्त्रीनं गोंद लावला, वजनं ठेवली, कडांच्या पट्ट्या घासल्या, बिजागऱ्या ठोकल्या. चार दारं उभी राहिली आणि ती नऊ बाय दहाची खोली एकदम श्वास घ्यायला लागली. बाई आत आल्या, दारावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "झक्क. बोट उठत नाही, मळ दिसत नाही." मास्तर मान डोलावून दुकानात निघून गेले. त्या रात्री जेवण गेलं नाही त्यांना.

शस्त्रक्रिया छान झाली. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, थेंब सुरू झाले, काळा चष्मा लावून बाई रिक्षानं घरी आल्या. आडवं पडायचं म्हणून मागच्या खोलीत गेल्या, चष्मा काढला, आणि अशी आरोळी ठोकली की दुकानातलं गिऱ्हाईक अर्ध्या मापावर पळालं.

"हे कुणी केलं? मी नव्हते तेव्हा दारं कुणी बदलली?"

"आई, तुम्हीच निवडलाय," सून म्हणाली.

"मी? हा? मला काय वेड लागलंय?" मग बाईंनी उजव्या डोळ्यासमोर हात धरला. बघितलं. मग डाव्यासमोर धरला. बघितलं. पुन्हा उजवा, पुन्हा डावा. एकीकडून राखाडी, दुसरीकडून निळा. असं पाच-सहा वेळा झाल्यावर त्या वळल्या आणि नवा डोळा मास्तरांवर रोखला. "तुम्ही दोऱ्याची अर्धी छटा ओळखता. तुम्हाला दिसत होतं."

"हो."

"आणि बोलला नाहीत."

"मला हवा होता तो," मास्तर म्हणाले. "आधी वाटलं, तुलाही आवडलाय. मग कळलं, तुला दिसतच नाही. तेव्हा सांगायला हवं होतं. मिस्त्री सांगत होता, मीच खोकलो. चुकलं माझं. तू म्हणशील तो लावू."

"मिस्त्रीला बोलवा," बाई म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री नमुने घेऊन हजर. दारं उखडायची गरज नाही म्हणाला. वरचा पृष्ठभाग खरखरीत करून त्यावरच दुसरं चिकटवतो, पट्ट्या बदलतो, बिजागऱ्या जराशा हलवतो. पिशवीतून त्यानं तपकिरीच्या सहा जाती काढल्या. मास्तर दारात उभे, फाशीची तारीख ऐकायला आल्यासारखे.

बाईंनी पहिला तपकिरी तुकडा निळ्या दारावर उभा धरला. मान तिरकी केली. मग त्यांचं लक्ष तुकड्यापलीकडे भिंतीवर गेलं. "हे काय आहे?" त्यांनी विचारलं. भिंतीवर, पलंगाच्या डोक्याशी, तेलकट डोक्यांचे दोन गोल होते, एक मास्तरांचा, एक त्यांचा स्वतःचा. त्या पडद्याशी गेल्या. पडदा झटकला, आणि मिस्त्री शिंकला. चादरीची कड उचलून उजेडात धरली. "अगं बाई! मी हे असलं अंगावर घेत होते? मळखाऊ कसलं, सगळा मळ इथेच जेवायला बसलाय!"

"तरी मी म्हणत होते..." सुनेनं तोंड उघडलं.

"तू गप्प बस. बादली आण."

वाकायची मनाई म्हणून बाई पलंगावर बसून हुकूम सोडत राहिल्या. दुपारपर्यंत घरातलं कापड न् कापड पाण्यात होतं. मिस्त्रीनं दोनदा विचारलं, "बाई, तपकिरी कुठला धरू?" तिसऱ्यांदा विचारल्यावर बाई म्हणाल्या, "तुम्ही अजून इथेच? ठेवा ते पिशवीत. दुसरा डोळा झाला की मग बघू." मिस्त्री शहाणा, त्यानं पिशवी उचलली आणि चहासाठीसुद्धा थांबला नाही.

सगळं शांत झाल्यावर मास्तर मशीनवर बसले, पण पाय चालेना. मागून बाई आल्या. त्यांच्या एका हातात स्वतःचा तपकिरी ब्लाउज होता, मास्तरांनीच शिवलेला, त्याच रंगाचा कितवातरी. दुसऱ्या हातात निळी रिळं होती, तीन. त्या पुढे गेल्या, पायरीवर उजेडात उभ्या राहिल्या, एकेक रीळ लांब धरून बघितलं, आणि एक निवडलं. कपाटाच्या दारांचा अगदी तोच निळा. मास्तरांनीही तोच काढला असता.

"या रंगाचं कापड आणा. मला एक ब्लाउज शिवायचाय," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी मान हलवली.

बाईंनी हातातला तपकिरी ब्लाउज त्यांच्या पुढ्यात ठेवला. "चाळीस वर्षं असले शिवून दिलेत मला," त्या म्हणाल्या. "तेव्हा एकदा तरी खोकायचं होतं."