हायली ऑब्लाइज्ड

सत्तरच्या दशकात मी वर्ध्याच्या एका सरकारी कचेरीत कारकून होतो. एका सकाळी थोरला भाऊ पवनारहून सायकल मारत आला आणि कचेरीच्या दारातूनच म्हणाला, "बाबा गेले. चाल."

मी आधी रजेचा अर्ज लिहायला बसलो. शाळेत घोकलेलं इंग्रजी हातातून आपोआप उतरलं. सुरुवातीला 'काइंडली ग्रँट', शेवटी 'आय शॅल बी हायली ऑब्लाइज्ड'. वडील वारल्याचं मधे कुठेतरी होतं.

मोठ्या बाबूंनी अर्ज वाचला आणि दोन्ही वाक्यांवर काट मारली.

"तुहा बाप गेला, अन् तू उपकार कोनाचे मानून राह्यला? वडील वारले, घरी जातो, दहा दिवसांची रजा द्यावी. एवढंच लिही मराठीत, अन् जाय."

मी कोऱ्या कागदावर तेवढंच लिहिलं. सही करताना कान तापले होते. खिडकीतून भाऊ दिसत होता, सायकल धरून रडत उभा. माझे डोळे कोरडे होते. आणि काट मारलेल्या त्या अर्जात स्पेलिंगची एकही चूक नव्हती.